मदत हवी आहे: एका खोलीच्या घराची खोदाई 14.76 येते, उत्तर 13.68

डिप्लोमा_फोंडा
उद्या शीट द्यायची आहे. एका खोलीचं घर, पहिलंच पूर्ण एस्टिमेट. पायाची खोदाई 14.76 घनमीटर येते, सरांचं उत्तर 13.68. तीनदा केलं. कुठं चुकतंय?

चिरेवाला
मापं कुठायत, बाब? ज्योतिष बघायचं का?

डिप्लोमा_फोंडा
सॉरी. खोली आतून 4 बाय 3, भिंत 30 सेंमी. चर 90 सेंमी रुंद, 1 मीटर खोल.

साइटवाला_वास्को
बाहेरून परिमिती घेतलीस. 16.40 गुणिले 0.90, बरोब्बर 14.76. सेंटर लाइन घे, 15.20. सगळ्या थरांना तीच, कुठंच काही वजा नाही.

डिप्लोमा_फोंडा
परिमिती नाही हो, लांब भिंत-आखूड भिंत पद्धत सक्तीची आहे. गंमत म्हणजे वरची भिंत जुळते, खालचंच जुळत नाही.

पेडणेकर_घर
आमच्या घराला चिरे किती लागतील? खोली साधारण एवढीच आहे.

चिरेवाला
तुमचा वेगळा धागा काढा. आणि 30 सेंमीची भिंत इथं कोण बांधतो? कातळावर मीटरभर चर खणायला सांगितलं तर कामगार पळून जातील.

जुनी_क्यूएस
पोराला पेपर सोडवायचाय, घर बांधायचं नाही. डिप्लोमा, चराच्या ओळीत आखूड भिंत किती धरलीस?

डिप्लोमा_फोंडा
लांब 5.20, आखूड 3.00.

जुनी_क्यूएस
तिथंच. 3.00 ही वरच्या भिंतीची आतली लांबी. चर रुंद झाल्यावर लांब भिंत वाढवलीस, आखूड कमी करायची राहिली. मध्यापासून मध्यापर्यंत 3.30, त्यातून 0.90 गेले, 2.40. तुझ्या शीटमध्ये चारही कोपऱ्यांत 30-30 सेंमी दोनदा खणलंय, तोच 1.08 चा फरक. पायाच्या 60 सेंमीच्या थराला 4.90 आणि 2.70 हवं. प्रत्येक थरात एक लांब आणि एक आखूड मिळून 7.60 व्हायला हवेत. जिथं होत नाहीत तिथं चूक.

साइटवाला_वास्को
म्हणजे माझंच. 7.60 दुप्पट, 15.20.

जुनी_क्यूएस
या घराला, हो. मध्ये एक आडवी भिंत आली की तुमचं "काही वजा नाही" कोसळतं. दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी रुंदी जाते, म्हणजे चरात 0.90, वरच्या भिंतीत 0.30. मग सगळ्या थरांना एकच लांबी कशी चालेल?

साइटवाला_वास्को
आम्ही साइटवर एवढं बघत नाही. टेपने मोजतो.

डिप्लोमा_फोंडा
13.68 आलं! 60 च्या थरातही तीच चूक होती, 15.80 धरलं होतं. आता प्लास्टर. दरवाजा 1 बाय 2.10, दोन्ही बाजूंनी वजा केला, तरी कमी येतंय.

जुनी_क्यूएस
अर्धा ते तीन चौरस मीटरचं उघडं एकाच बाजूनं वजा करतात. चौकटीच्या कडा त्यात भरून निघतात.

चिरेवाला
आमच्याकडे ठेकेदार काहीच वजा करत नाही.

डिप्लोमा_फोंडा
मग सरांनी खिडकी दोन्हीकडून का वजा केलीय?

पेडणेकर_घर
चिऱ्यांचं कोणी सांगेल का?