केटरिंगचं नवीन काम, नफा दिसतोय पण पैसे पुरतील का? कॅश फ्लो शीटबद्दल सल्ला हवाय

पातेलं
नमस्कार, केटरिंग सुरू करतोय, दोन कंपन्यांच्या ऑर्डर पक्क्या झाल्यात, पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या. आकडे सोपे राहावेत म्हणून एका ऑर्डरचं बिल १०० धरतो. त्यात किराणा-भाजीपाला ४०, माणसं १८, गाडी आणि भांड्यांचं भाडं ७, म्हणजे खर्च ६५. अ‍ॅडव्हान्स २० बुकिंगला, म्हणजे पहिल्याचा पहिल्या आठवड्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्या, बाकी ८० बिल दिल्यावर ३० दिवसांनी. जागेचं भाडं आणि आचाऱ्याचा पगार मिळून ३०, पहिल्या, पाचव्या, नवव्या आठवड्याला. हातात १२० आहेत. महिन्यांचं शीट केलं तर दोन महिन्यांत १० नफा येतो. बरोबर आहे ना, की काही सुटतंय?

झारा_आणि_कढई
१०० ला ६५ खर्च म्हणजे तुमचा रेट कमी पडतोय, आधी ताटामागचा हिशेब परत करा.

पातेलं
दादा रेटचं नाही विचारत, पैसे कधी येतात-जातात त्याचं विचारतोय.

हिशेबी
महिन्याचं शीट इथे कामाचं नाही, आठवड्याचं कर, १३ आठवडे पुरे. आणि प्रत्येक ऑर्डर एका ओळीत नको टाकूस, पैशाच्या प्रत्येक हालचालीला वेगळी ओळ, तारीख कार्यक्रमाची नाही तर पैसे प्रत्यक्ष हलतील ती. एकाच ऑर्डरच्या पाच ओळी होतील: अ‍ॅडव्हान्स, किराणा, माणसं, भाडं, बाकी.

तुझेच आकडे मांडून बघ. पहिला आठवडा १२० + २० − ३० = ११०. तिसरा ११० + २० − ६५ = ६५. पाचवा ६५ − ६५ − ३० = उणे ३०. नफा १० आणि गल्ला उणे ३०, दोन्ही खरं.

अजून एक, ३० दिवस म्हणजे बिल त्यांच्या अकाउंट्समध्ये चढल्यापासून, आणि बऱ्याच कंपन्या महिन्यातून ठरलेल्या दिवशीच पेमेंट सोडतात. तू सातवा आठवडा धरला असशील, मी नववा धरेन. म्हणजे चार आठवडे तू खड्ड्यात.

या ओळींच्या शीटला list नाव दे, त्यात C कॉलममध्ये तारीख, D मध्ये रक्कम (जाणारी उणे), आणि आठवड्याच्या शीटमध्ये वर सोमवारची तारीख ठेवलीस की हे एकदा टाकून उजवीकडे ओढ:

```
=SUMIFS(list!$D:$D,list!$C:$C,">="&B$1,list!$C:$C,"<"&B$1+7)
```

त्याच्यात मागची शिल्लक मिळव, झालं. पेमेंट लांबलं तर फक्त एक तारीख बदलायची, बाकी आपोआप हलतं.

उधारीवाला
एवढं कशाला, किराणावाल्याशी १५ दिवसांची उधारी बोला, प्रश्न संपला. मी तसंच करतो.

हिशेबी
उधारी घ्यावीच, पण याच्या केसमध्ये प्रश्न संपत नाही, पुढे सरकतो. तिसऱ्या आठवड्याचे ४० पाचव्यात जातात, पाचव्याचे सातव्यात. म्हणजे पाचव्याला शिल्लक १० दिसते, बरं वाटतं, आणि सातव्याला परत उणे ३०. कंपनीचे पैसे सातव्यात आले तरच वाचतो.
अ‍ॅडव्हान्स ५० घेतला तर मात्र चित्र बदलतं: १४०, मग १२५, मग पाचव्याला ३०, उधारी न करता.

पातेलं
हे डोक्यातच आलं नव्हतं. पण ५० मागितले तर कंपनी ऑर्डरच दुसऱ्याला देईल ना?

हिशेबी
देऊ शकते, ते मी इथे बसून नाही सांगू शकत. ५० नाही तर ४० मागून बघ, पाचव्याला १० उरतात, अगदी काठावर.

रात्रपाळी
माझा अनुभव सांगते. एका ऑर्डरचा अ‍ॅडव्हान्स आला, त्यातून दुसऱ्या ऑर्डरचा किराणा भरला आणि पहिली ऑर्डर रद्द झाली, बोलणं होतं की दहा दिवस आधी रद्द केली तर अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत. तो परत करायला मला घरातले पैसे घालावे लागले. तेव्हापासून अ‍ॅडव्हान्स परतीची मुदत संपेपर्यंत शीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवते आणि शिल्लक तो वजा करून बघते.

उधारीवाला
ताई पण मग अ‍ॅडव्हान्स घ्यायचा कशाला, वापरायचाच नसेल तर?

रात्रपाळी
त्याच ऑर्डरच्या खरेदीला वापरते की, तोवर मुदत संपलेली असते.

हिशेबी
ताईंचं बरोबर आहे. आणि पातेलं, नवव्या आठवड्याकडे नीट बघ. कंपनीचे ८० आणि तुझे ३० एकाच आठवड्यात आहेत, शेवटी २० दिसतील. पण पगार सोमवारी आणि पेमेंट शुक्रवारी असेल तर मधले चार दिवस तू उणे ६० ला आहेस, आणि आठवड्याच्या शीटला ते कळतच नाही. तेवढा आठवडा दिवसवार मांड.

पातेलं
मांडतो. माणसांचे १८ पण त्याच रात्री रोख द्यावे लागतात, तेही बिलाच्या तारखेला टाकले होते, बदलतो. उद्या कंपनीला ४० बोलून बघतो, काय म्हणतात ते इथे टाकतो.