मदत हवी आहे: लवचिकता बरोबर −१ येतेय, मग गल्ला कमी कसा झाला?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. एफ.वाय.बी.कॉम.ला आहे, मराठी माध्यम. असाइनमेंटसाठी खरं उदाहरण घेऊन मागणीची किंमत लवचिकता काढायची आहे, म्हणून घरचंच घेतलं. नाशिकला काकांचं मिसळीचं छोटं हॉटेल आहे. जूनच्या सुरुवातीला त्यांनी प्लेट ८० वरून १०० रुपये केली. आधी दिवसाला १२० प्लेटा जायच्या, आता ९० जातात. काकांच्या वहीतून आधीच्या आणि नंतरच्या पंधरा-पंधरा दिवसांची सरासरी काढलीय, आकडे थोडे गोल केलेत.

बारावीच्या शेकडेवारी पद्धतीने केलं तर किंमत २५ टक्के वाढली आणि मागणी २५ टक्के घटली. उत्तर −१, म्हणजे एकक लवचिक. मग एकूण खर्च तेवढाच राहायला हवा ना? पण आधी ९६०० रुपयांचा गल्ला होता, आता ९००० आहे. हे ६०० रुपये कुठे गेले?

मॅडमनी मध्यबिंदू पद्धत वापरा सांगितलं. एक्सेलमध्ये A ला किंमत आणि B ला प्लेटा ठेवून हे टाकलं:

```
=(B3-B2)/(B3+B2)/2/(A3-A2)/(A3+A2)/2
```

उत्तर येतंय -9.92E-06. हाताने केलं तर −१.२९ आलं. आता −१.२९ हे १ पेक्षा लहान, म्हणजे कमी लवचिक असं लिहिलं, तर मैत्रीण म्हणते चूक आहे. परवा जमा करायचंय. कुणी तपासून देईल का?

पक्या_सांगली

मैत्रीण बरोबर आहे. किंमत लवचिकता कायम ऋणच येते, त्यामुळे चिन्हाकडे बघायचंच नाही. सूत्राला ABS लाव, १.२९ येईल, १ पेक्षा मोठं, जास्त लवचिक. विषय संपला.

खातेवही

विषय इतक्यात संपत नाही पक्याभाऊ, पण निष्कर्ष बरोबर आहे.

गोदाकाठ, आधी एक्सेलचं बघू. भागाकारांची माळ लावली की एक्सेल डावीकडून एकेक करत जातं. तुझ्या सूत्रात प्लेटांच्या फरकाला बेरजेने भागलं, मग २ ने, मग किमतीच्या फरकाने, मग किमतींच्या बेरजेने, परत २ ने. खरं तर किमतींची बेरीज गुणाकारात जायला हवी होती. कंसांनी दोन गट वेगळे कर. आणि ते २ लिहूच नकोस, वर आणि खाली दोन्हीकडे सरासरी असल्यामुळे ते एकमेकांना कापतात.

```
=((B3-B2)/(B3+B2))/((A3-A2)/(A3+A2))
```

याचं उत्तर -1.285714 येईल. तुझं हातचं गणित बरोबर होतं.

आता ६०० रुपयांकडे. तू २५ टक्के वाढ ८० वर मोजलीस आणि २५ टक्के घट १२० वर. उद्या काकांनी भाव परत ८० केला आणि गिऱ्हाईक परत १२० वर आलं असं धर. आता किंमत १०० वरून २० टक्के उतरली आणि मागणी ९० वरून ३३ टक्के चढली. उत्तर −१.६७. हॉटेल तेच, दोन ओळीही त्याच, जाताना −१ आणि येताना −१.६७. पायाच बदलतो म्हणून हे होतं. मध्यबिंदूत पाया दोन्ही वेळी तोच राहतो, ९० रुपये आणि १०५ प्लेटा. किमतीतला बदल २२.२ टक्के, मागणीतला २८.६ टक्के. कुठूनही निघा, −१.२९.

आणि या पद्धतीची एक गोष्ट वर्गात फारशी कुणी सांगत नाही. मध्यबिंदूने बरोबर १ तेव्हाच येतो, जेव्हा दोन्ही वेळचा गल्ला तंतोतंत सारखा असतो. बीजगणित सोडवून बघ, सगळं कापलं जाऊन जुना गल्ला बरोबर नवा गल्ला एवढंच उरतं. तुझ्या उदाहरणात १०० रुपयांना ९६ प्लेटा गेल्या असत्या तर ९६०० झाले असते. तिथे मध्यबिंदू लाव, नेमका −१ येतो. शेकडेवारीने तिथे −०.८ येतं, म्हणजे गल्ला जिथे हललाच नाही तिथेही ती पद्धत 'कमी लवचिक' म्हणून मोकळी होते. म्हणून मी मुलांना सांगायचो, सूत्राला हात लावायच्या आधी दोन गुणाकार करून ठेवा. भाव वाढून गल्ला घटला असेल आणि मध्यबिंदूचं उत्तर चिन्ह सोडून १ च्या खाली आलं, तर चूक आकडेमोडीत आहे हे तिथल्या तिथे कळतं.

गोदाकाठ

सर, खूप धन्यवाद! ९६ वालं करून बघितलं, खरंच −१ आलं. पण मग उत्तरात वजा ठेवायचं की नाही? −१.२९ एककापेक्षा लहान आहे हे गणितात तर खरंच आहे.

खातेवही

गणितात खरं आहे, पण इथे आपण बदलाचा जोर मोजतोय, त्यामुळे तुलना चिन्ह सोडून करायची. १.२९ ची १ शी. तुझी गफलत झाली ती चिन्ह ठेवल्यामुळे नाही, ते ठेवून तुलना केल्यामुळे. वजा एवढंच सांगतं की भाव वर गेला आणि मागणी खाली आली.

मी मात्र ABS अगदी शेवटच्या पायरीला लावतो. आधीच लावलं तर चूक झाकली जाते. एखादा मुलगा वर 'जुने वजा नवे' करतो आणि खाली 'नवे वजा जुने'. त्याचं उत्तर अधिक १.२९ येतं. ABS असेल तर हे कधीच दिसणार नाही.

मोदकताई

माझं तर अधिकच येतंय की! डोंबिवलीत घरून उकडीचे मोदक करून देते. गेल्या वर्षी श्रावणात एका चतुर्थीला ३० रुपयाला एक या भावाने १५० गेले. गणपतीत ३५ केला तर पहिल्या दिवशी ४००. तुमच्या सूत्रात टाकलं तर +५.९ आलं. वजाबाकी दोन्हीकडे सारखीच केलीय. म्हणजे माझ्या मोदकांची मागणी खूप लवचिक आहे ना? मग यंदा ४५ करू का?

खातेवही

ताई, हात जोडतो, या ५.९ वर विसंबून ४५ करू नका. सूत्र बरोबर आहे, पण ते ज्या दोन दिवसांना लावलंय ते एकमेकांशेजारी बसत नाहीत. गणेश चतुर्थीला भाव ३० असता तरी तुमच्याकडे रांग लागलीच असती, कदाचित ४०० पेक्षा जास्त गेले असते. मागणीचा वक्रच उजवीकडे सरकला. तुमच्याकडे एक बिंदू श्रावणातल्या वक्रावरचा आहे आणि दुसरा भाद्रपदातल्या. त्या दोघांमधून काढलेल्या आकड्याला किंमत लवचिकता म्हणता येत नाही. अधिक चिन्ह दिसलं की आधी हेच तपासायचं असतं. पक्याभाऊंच्या ABS ने नेमकी हीच खूण पुसली गेली असती.

पक्या_सांगली

मान्य, ABS शेवटी. पण मला एक सांगा सर. लवचिकता १.२९ म्हणजे भाव १ टक्का वाढला की मागणी १.२९ टक्के घटते, बरोबर? भाव २५ टक्के वाढला. २५ गुणिले १.२९ म्हणजे ३२ टक्के. १२० मधून ३२ टक्के काढले तर ८१ प्लेटा उरतात. पण गेल्या ९०. मग तुमचं मध्यबिंदूचं उत्तर तरी कुठे बरोबर आहे?

खातेवही

हा प्रश्न आवडला. तुम्ही दोन पद्धतींची भेसळ केलीत. १.२९ निघालं ते ९० आणि १०५ या पायांवरून, आणि गुणलंत ८० वरच्या २५ टक्क्यांनी. ज्या मापाने मोजलं त्याच मापाने परत मोजायचं. २२.२ गुणिले १.२९ केलं की २८.६ येतं, आणि १०५ चे २८.६ टक्के म्हणजे ३० प्लेटा.

तरी तुमच्या शंकेत तथ्य आहे. एक टक्क्याचं वाक्य छोट्या बदलापुरतं चालतं. ८० ते १०० ही मोठी उडी आहे, १.२९ ही त्या सगळ्या पट्ट्याची सरासरी. त्यावरून १०० चे १२० केले तर किती जातील हे सांगायला मी धजणार नाही. साधारणपणे भाव जसा चढत जातो तशी लवचिकता वाढते, मागणीची रेषा सरळ धरली तर ती वाढतेच.

गल्ल्यावरचा

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, चहा-नाश्त्याचा धंदा आहे. गल्ला ६०० ने घटला म्हणून काका चुकले असं पोरगी असाइनमेंटमध्ये लिहिणार का? प्लेटमागे माल किती लागतो ते विचार आधी.

गोदाकाठ

काकांना विचारलं. मटकी, फरसाण, पाव, तेल, गॅस, सगळं धरून साधारण ४५ रुपये. भाडं आणि पोऱ्यांचे पगार वेगळे.

गल्ल्यावरचा

मग कर हिशोब. आधी प्लेटमागे ३५ सुटायचे, १२० प्लेटांचे ४२००. आता ५५ सुटतात, ९० प्लेटांचे ४९५०. भाडं-पगार दोन्ही वेळी तेच. गल्ला घटला, पण हातात रोज ७५० जास्त राहिले. वर तीस प्लेटांची भांडी कमी घासायची.

खातेवही

शंभर टक्के बरोबर, आणि मीच लिहायला हवं होतं. लवचिकता गल्ल्याबद्दल बोलते, नफ्याबद्दल नाही. गोदाकाठ, 'मागणी जास्त लवचिक, त्यामुळे भाववाढीने एकूण प्राप्ती घटली' इथपर्यंत लिही. 'म्हणून भाववाढ चुकीची' हे वाक्य लिहू नकोस. काकांच्या हिशोबाने प्लेटा ७७ च्या खाली गेल्या तर मात्र पूर्वीपेक्षा कमी सुटेल.

एक विचारायचं राहिलं. भाव जूनच्या सुरुवातीला वाढला म्हणालीस. हॉटेल कुठे आहे?

गोदाकाठ

कॉलेजच्या समोरच्या गल्लीत. 😬 मे अखेरीस परीक्षा चालू होत्या, जूनमध्ये सुट्टी होती. आणि पाऊसही सुरू झाला.

खातेवही

मग तुझ्यातही थोडी मोदकताई आहे! त्या ३० पैकी किती प्लेटा भावाने गेल्या आणि किती सुट्टीने, हे या वहीतून कळणार नाही. सुट्टीने दहा गेल्या असतील तर एकट्या भाववाढीने १०० पर्यंतच उतरलं असतं. १०० रुपये, १०० प्लेटा घेऊन मध्यबिंदू लाव, −०.८२ येतं. वर्गवारीच उलटली. मागच्या वर्षीच्या मे-जूनची वही असेल, आणि तेव्हा भाव बदलला नसेल, तर सुट्टीचा फरक निदान अंदाजाने काढता येईल.

पक्या_सांगली

पण असाइनमेंटला एवढं कोण बघतंय? −१.२९ लिही आणि मोकळी हो.

गोदाकाठ

मॅडम बघतात हो, म्हणून तर घाबरलेय. काकू म्हणतेय मागच्या वर्षीची वही माळ्यावर आहे. उद्या सकाळी चढून बघते आणि इथेच आकडे टाकते. तोवर −१.२९ वजासकट लिहून ठेवलंय, खाली 'तुलना चिन्ह सोडून' अशी ओळ घातलीय, आणि सुट्टीचंही लिहिलंय.

मोदकताई

आणि माझं काय? ४५ नको तर किती ठेवू? नारळ महागलाय हो.