चित्र नंतर, कान आधी: ऐकण्यासाठी खेळलेल्या गेम्सचे अनुभव

मंद्रसप्तक

मी गेम्स उशिरा खेळू लागलो आणि त्याही मुख्यतः ऐकण्यासाठी. पाण्यावरचे प्रतिबिंब किती खरे दिसते यात माझे मन रमत नाही, पण एखाद्या दारामागचा आवाज दार उघडताच कसा बदलतो हे ऐकायला मी तेच दार दहा वेळा उघडतो. ‘पार्श्वसंगीत गोड आहे’ अशा गेम्सची यादी या धाग्यात नको आहे. आवाज बंद केला तर ज्यांचा अर्थच हरवतो, अशा गेम्सचे अनुभव हवे आहेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. ‘आउटर वाइल्ड्स’ ही २०१९ सालची गेम आहे आणि तिचे संगीत अँड्र्यू प्राहलो यांचे आहे. एक छोटी सूर्यमाला आहे, बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि आपण पुन्हा पहिल्या क्षणाला जागे होतो. आपल्याआधी निघालेले पाच प्रवासी वेगवेगळ्या ठिकाणी बसून आपापले काहीतरी वाजवत असतात: एक शीळ घालतो, एक ताल धरतो आणि उरलेल्यांकडे बँजो, बासरी व हार्मोनिका आहेत. आपल्या हाती सिग्नलस्कोप नावाचे एक यंत्र असते आणि ते ज्या दिशेला रोखू तिकडचा आवाज अंतर तोडून कानाशी येतो. पहिल्या दिवशी मी ते एका ग्रहाकडे रोखले तेव्हा नुसता बँजो ऐकू आला आणि त्यात विशेष काही वाटले नाही. नंतर यानाचे इंजिन बंद करून मी सूर्यमालेच्या कडेला, बरेच दूर तरंगत राहिलो आणि यंत्र मागे वळवले. तिथून सगळे ग्रह एकाच टप्प्यात येत होते. बँजोच्या खाली ताल आला, वरून बासरी आली, आणि मला कळले की हे पाच जण एकमेकांपासून इतक्या दूर बसून एकच रचना वाजवत आहेत. त्या फेरीत मी दुसरे काहीही केले नाही. शेवटी ती परिचित, उदास धून सुरू झाली, जी स्फोटाच्या सुमारे दीड मिनिट आधी येते, आणि घड्याळ नसलेल्या गेममध्ये वेळ संपल्याचे मला कानांनीच समजले.

रात्रपाळी

मीही संगीतासाठीच खेळतो. रात्री काम करताना ‘माइनक्राफ्ट’चे संगीत लावून ठेवतो, एकाग्रता फार छान राहते. आपण सर्वांनी अशा शांत अल्बमची यादी करावी असे सुचवतो.

मंद्रसप्तक

रात्रपाळी, अल्बमची यादी हा वेगळा विषय होईल. मात्र ‘माइनक्राफ्ट’ खेळताना संगीत आणि शांतता यांचा काही अनुभव आला असेल तर तो अवश्य लिहावा.

रात्रपाळी

तसे म्हणाल तर आहे. अल्बममध्ये एक धून संपली की लगेच दुसरी येते, पण गेममध्ये तसे होत नसे. डॅनियल रोझेनफेल्ड यांची पियानोची धून संपली की मूळ रचनेत दहा ते वीस मिनिटे संगीत नसायचे. तेवढ्या वेळात आपण खाणीत खोल उतरलेलो असू, कुदळीचा ठक-ठक आवाज आणि दूर कुठेतरी पाण्याची खळखळ एवढेच उरे. मग बाहेर येऊन पहाट पाहताना अचानक दोन-तीन स्वर उमटत. ते पहाटेसाठीच वाजले असे वाटायचे, खरे तर तो योगायोग असे. अल्बम ऐकताना ते होत नाही, हे मला आत्ता लिहिताना जाणवले.

ध्वनिमिश्रक

माझे काम ध्वनिमिश्रणाचे आहे, त्यामुळे थोडे तांत्रिक लिहितो. मंद्रसप्तक यांना जे ऐकू आले त्यामागची युक्ती साधी आहे, पण ती निभावणे अवघड आहे. ती वाद्ये हाक मारल्यावर सुरू होत नाहीत. एकाच लांबीचे, एकाच लयीतले वेगवेगळे थर एकत्र चालत राहतात आणि यंत्र कुठे रोखले आहे त्यावर फक्त कोणता थर किती मोठा ऐकवायचा हे ठरते. याची खात्री घरबसल्या करता येते. बँजोवर यंत्र रोखा, तुकडा अर्ध्यावर असताना दुसरीकडे वळवा, मनात मात्रा मोजत राहा आणि परत या. बँजो पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेला नसेल, तुमच्या मोजणीप्रमाणे जिथे असायला हवा तिथेच सापडेल. एखाद्या मैफलीतून आपण क्षणभर बाहेर गेलो तरी विलंबित पुढे सरकलेलेच असते, तसे हे आहे.

हीच पद्धत ‘एफटीएल’ या २०१२ सालच्या गेममध्ये अधिक उघड दिसते. बेन प्रंटी यांनी तिथल्या धुनांची दोन रूपे केली आहेत, एक भटकंतीचे आणि एक लढाईचे. शत्रूचे यान समोर आले की धून तुटत नाही, तिच्याखाली तालवाद्ये सरकून येतात. लढाई संपली की ती तशीच ओसरतात. थरांच्या या पद्धतीला मर्यादाही आहे. सगळे थर एकाच स्वरावलीत आणि एकाच लयीत बांधावे लागतात, म्हणून रचनाकाराला मोठे वळण घेता येत नाही. अशा संगीताचा अल्बम कधीकधी एकसुरी वाटतो तो यामुळे.

पखवाजी

ताल धरणाऱ्यांसाठी ‘एप आउट’. २०१९ सालची, वरून दिसणारी, रंगांचे नुसते ठोकळे असलेली गेम. एक गोरिला पिंजऱ्यातून पळतो आणि पाठीमागे जाझचा ड्रमसेट वाजत असतो. आपण कुणाला भिंतीवर आपटले की झांज कडाडते, धावपळ वाढली की वादन दाट होते. मी पखवाज वाजवतो, म्हणून सांगतो: पहिला तासभर मी वादकाच्या मागे धावत होतो, नंतर लक्षात आले की वादक माझ्या मागे धावतो आहे. मग मी मुद्दाम थांबून, समेवर येण्याची वाट पाहून आपटायला लागलो. गुण वाईट मिळाले.

हेडफोनप्रेमी

सर्वांना एकच सांगणे आहे. दिशा कळायला ७.१चे हेडफोनच लागतात, साध्या हेडफोनमधून मागचा आवाज कळूच शकत नाही. मी ‘हेलब्लेड’ त्यावरच खेळलो, आणि नायिकेच्या डोक्यातले आवाज चहूबाजूंनी आले. ‘इनसाइड’मध्येसुद्धा खरी कवटी वापरली होती, कारण त्यांना भीतिदायक वातावरण हवे होते.

ध्वनिमिश्रक

यात निम्मे बरोबर आहे. ‘हेलब्लेड’मधले आवाज खोट्या डोक्याच्या दोन्ही कानांत मायक्रोफोन बसवून ध्वनिमुद्रित केले आहेत. पाठीमागून येणारा आवाज आपल्या डोक्याला व कानाच्या पाळीला वळसा घालून येताना जसा बदलतो, तो बदल त्या ध्वनिमुद्रणातच आहे, त्यामुळे दोन कानांचे साधे हेडफोन पुरतात. उलट त्यावर हेडफोनचा किंवा संगणकाचा आभासी सराउंड चालू ठेवला, तर तेच काम दुसऱ्यांदा होते. ओळखायचे कसे? कानाशी होणारी कुजबुज ऐका. ती कानाला चिकटलेली वाटली पाहिजे. ती हातभर लांब गेली आणि न्हाणीघरात बोलल्यासारखी घुमू लागली, तर कुठेतरी दुसरी प्रक्रिया चालू आहे, ती बंद करावी. ज्या गेम्स दिशा स्वतः गणतात, त्यांच्या मेनूत हेडफोनचा पर्याय असेल तर तो निवडावा आणि बाहेरची प्रक्रिया तिथेही बंद ठेवावी.

कवटीची गोष्ट खरी आहे, पण तिचे कारण केवळ भीती नव्हते. ‘इनसाइड’चे ध्वनिरचनाकार मार्टिन स्टिग अँडरसन यांनी आवाज कवटीतून सोडून परत ध्वनिमुद्रित केले, कारण आपला स्वतःचा आवाज आपण हाडांमधूनही ऐकतो. त्यामुळे आवाज बाहेरून न येता आतून आल्यासारखा, थोडा गुदमरलेला वाटतो.

हेडफोनप्रेमी

बंद करून पाहिले. कुजबुज जवळ आली हे मान्य, पण स्फोट आधी जास्त भारदस्त वाटत होते. मी स्फोटांसाठी चालूच ठेवणार.

उजवा कान

मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ‘हेलब्लेड’ची एवढी स्तुती वाचून ती घेतली आणि माझ्यासाठी निम्मे आवाज नाहीसेच झाले. संगणकाच्या सेटिंगमध्ये मोनो ध्वनीचा पर्याय चालू केल्यावर सगळे शब्द ऐकू आले, पण सगळे एकाच जागेवरून, त्यामुळे गर्दी झाली आणि दिशेचा मुद्दाच संपला. मग मंद्रसप्तक यांचा अनुभव वाचून विचारावेसे वाटले की सिग्नलस्कोप एका कानाने चालेल का?

ध्वनिमिश्रक

तिथे मुख्य खूण डावे-उजवे ही नसून लहान-मोठे ही आहे. यंत्र बरोबर दिशेला आले की आवाज वाढतो आणि पडद्यावरची लहरही स्पष्ट होते. मोनो चालू ठेवून खेळा, माझ्या अंदाजाने अडू नये. खेळून झाल्यावर कळवावे.

अंधुक

मला दृष्टी फारच कमी आहे, म्हणून ‘आवाजावर खेळता येणारी’ या शब्दांकडे मी जरा संशयाने पाहतो. ‘आउटर वाइल्ड्स’ संगीताने कितीही समृद्ध असो, तिच्यातले संवाद आणि भिंतींवरचे प्राचीन लेख बोलले जात नाहीत, ते वाचावे लागतात. मी शेजारी बसलेल्या मित्राकडून वाचून घेतले. स्वतंत्रपणे मी पूर्ण केलेली गेम म्हणजे २०२१ सालची ‘द व्हेल: शॅडो ऑफ द क्राउन’. तिची नायिका अंध आहे आणि पडद्यावर पाहण्यासारखे जवळजवळ काही नाही. लढाईत शत्रूचा घाव डावीकडून, समोरून किंवा उजवीकडून येतो. घावाआधी श्वास व शस्त्राची हालचाल ऐकू येते आणि त्याच बाजूला ढाल धरायची. सुरुवातीला मी घाव ऐकून ढाल उचलत असे आणि दर वेळी मार खात असे. घावाऐवजी त्याआधीचा श्वास ऐकायचा, हे जमल्यावर खेळ सुरू झाला. इथे पार्श्वसंगीत जाणूनबुजून मागे ठेवले आहे. त्यामुळे संगीत आणि ध्वनिरचना या दोन गोष्टी इथे सरसकट एकत्र केल्या जात आहेत, त्याला माझी हरकत आहे.

मंद्रसप्तक

अंधुक, हरकत योग्य आहे. विषय मांडताना मी दोन्ही एका दमात लिहिले. ‘उजवा कान’ यांच्या प्रश्नातही तोच फरक दडलेला होता.

नवखा

माझ्याकडे ‘आउटर वाइल्ड्स’चे संगीत टेलिफोनवर ऐकल्यासारखे येते आहे. स्पीकरवर ठीक, ब्लूटूथ हेडफोनवर खराब. गेममध्येच दोष आहे का?

ध्वनिमिश्रक

खेळताना मित्रांशी बोलायचे ॲप चालू असते का? तुमच्या हेडफोनचा मायक्रोफोन वापरात आला की बऱ्याच ब्लूटूथ जोडण्या संभाषणाच्या पद्धतीवर जातात आणि संगीत अरुंद, एकाच वाहिनीचे होते. ॲपमध्ये दुसरा मायक्रोफोन निवडा किंवा ते बंद करा.

नवखा

तेच होते. ॲप बंद केल्यावर बासरीला अचानक श्वास आला.

उजवा कान

खेळून झाल्यावर कळवावे म्हणाला होतात. मोनोवर चार तास खेळलो. यंत्र सावकाश फिरवत आवाज सर्वात मोठा होईल तिथे थांबतो, विहिरीवर घागर हलवत पाणी शोधावे तसे. पाचही वाद्ये सापडली. फक्त एक शंका आहे. हार्मोनिका दूरच्या काटेरी जागेतून येते हे समजले, पण माझ्या स्वतःच्या ग्रहावर उभा राहिलो तर तीच हार्मोनिका जमिनीवरच्या एका जागेकडूनही येते. मोनोमुळे माझा गोंधळ होतो आहे का?

मंद्रसप्तक

मोनोचा दोष नाही आणि तुमच्या कानाचाही नाही. तिथे चालत जाऊन पाहावे. याहून अधिक मी सांगणार नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही सांगू नये.