31 वा आठवडा, बीपी 146/94: गोळी सुरू करावी की थांबावं?

सातारकर_निनाद
बायकोला 31 वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. आजवर बीपी 110/70 च्या आसपास असायचं. काल तपासणीत 146/94 निघालं. चार तास बसवून परत मोजलं तर 144/92. लघवीत प्रोटीन नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत. डॉक्टरांनी लॅबेटालॉल 100 सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आहे. आई म्हणते गोळीनं बाळ खुरटतं, मीठ बंद करा, डाव्या कुशीवर झोपू दे, आपोआप उतरेल. बायकोला तर काहीच त्रास नाही. गोळ्या आणल्यात, पण अजून दिलेल्या नाहीत. काय करावं?

अर्धा_कप_चहा
तुमच्या आईंना एकदम वेड्यात काढू नका. बाळाला रक्त वारेतून मिळतं, आणि आईचं बीपी गोळीनं खाली ओढलं की तिकडचा पुरवठाही कमी होऊ शकतो. ही भीती कित्येक वर्षं डॉक्टरांनाच होती, म्हणून 150-160 पर्यंत ते नुसतं लक्ष ठेवायचे. 2015 साली चिप्स नावाचा मोठा अभ्यास आला. एका गटाचं बीपी घट्ट धरलं, दुसऱ्या गटाला थोडी ढील दिली. बाळांच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. फरक नसेल तर गोळी कशासाठी? मी तरी आठवडाभर थांबून परत मोजलं असतं.

वऱ्हाडी_डॉक्टर
चहावाले, अभ्यास बरोबर सांगितला, पण अर्धाच. बाळांमध्ये फरक नव्हता म्हणजे घट्ट धरलेल्या गटातली बाळं खुरटली नाहीत, असाही त्याचा अर्थ होतो. निनादच्या आईंची भीती तिथेच निम्मी संपते. दुसरं म्हणजे ढील दिलेल्या गटात 160/110 च्या वर गेलेल्या बायका जवळपास 41 टक्के होत्या, घट्ट धरलेल्या गटात साधारण 28. मेंदूत रक्तस्राव होतो तो या वरच्या आकड्यांना. गोळी त्यासाठी असते.

2022 साली अमेरिकेतून चॅप हा अभ्यास आला, 2,400 च्या वर बायका. 140/90 च्या खाली ठेवलेल्यांमध्ये गंभीर प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे बीपीसोबत यकृत-मूत्रपिंडही बिघडवणारा गरोदरपणातला आजार, आणि अगदी लवकर करावी लागलेली बाळंतपणं कमी झाली. वजनानं लहान बाळं वाढली नाहीत.

निनाद, गोळी देण्याआधी एक सांगा. बायकोला दमा आहे का? कधी पंप घ्यावा लागलाय का? डॉक्टरांनी विचारलं होतं का?

गुळपोळी
माझे बाबा रोज टेल्मिसार्टान 40 घेतात, बीपी एकदम कंट्रोलमध्ये, कसला त्रास नाही. लॅबेटालॉल तर मी ऐकलेलीसुद्धा नाही. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून टेल्मिसार्टान घ्या ना, स्वस्तही पडते.

वऱ्हाडी_डॉक्टर
गुळपोळी, असं करू नका, आणि निनाद, हे मनावरही घेऊ नका. तुमच्या बाबांना ती गोळी उत्तम, गरोदर बाईला अजिबात नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भाशयातलं पाणी म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच असते. टेल्मिसार्टान, लोसार्टान, रामिप्रिल, एनालाप्रिल ही सगळी मंडळी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करतात. लघवी कमी झाली की पाणी आटतं, आणि पाण्याविना फुप्फुसांची वाढ नीट होत नाही. आधीपासून बीपी असलेल्या बायकांनी तर मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यायची. पण नकळत दिवस गेले आणि पहिल्या काही आठवड्यांत ती गोळी पोटात गेली, म्हणून कुणी गर्भपाताचा विचार करू नये. तेव्हा लगेच बदलायची आणि सोनोग्राफीवर लक्ष ठेवायचं.

अटेनोलॉलही टाळतात, त्यानं बाळाची वाढ मंदावते. "गोळीनं बाळ खुरटतं" हे बोलणं घराघरांत पोचलं, त्यात या गोळीचा वाटा असावा असं मला वाटतं.

सातारकर_निनाद
डॉक्टर, दमा आहे. लहानपणी बराच होता, आता फक्त थंडीत पंप लागतो. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. पाय सुजलेत म्हणून गेलो होतो, तेच सगळं सांगत बसलो.

वऱ्हाडी_डॉक्टर
मग तुम्ही गोळी दिली नाहीत ते या एका कारणापुरतं बरं झालं. लॅबेटालॉलनं श्वासनलिका आवळू शकतात, दम्याच्या माणसाला ती देत नाहीत. पण याचा अर्थ गोळीच नको असा काढू नका. आज दुपारपर्यंत डॉक्टरांना फोन करा, दम्याचं सांगा, ते बदलून देतील. बहुधा निफेडिपिनची हळूहळू काम करणारी गोळी, नाहीतर मिथाइलडोपा. निफेडिपिननं सुरुवातीला डोकं दुखतं, तोंड लाल होतं. मिथाइलडोपा सगळ्यांत जुनी आणि बाळासाठी निर्धास्त, पण झोप येते, आणि ज्यांना आधी नैराश्य होतं त्यांना ती नको.

आमच्या नागपुरातच दोन सरकारी रुग्णालयांत या तिन्ही गोळ्यांची तुलना झाली होती, 2019 साली लॅन्सेटमध्ये छापून आली. त्या बायका तुमच्या मिसेसपेक्षा खूपच आजारी होत्या, बीपी 160/110 च्या वर. सहा तासांत सुखरूप आटोक्यात आलं ते निफेडिपिनवर 84 टक्के जणींचं, लॅबेटालॉलवर 77, मिथाइलडोपावर 76. थोडक्यात, तिन्ही चालतात. निवड बाईच्या बाकीच्या आजारांवरून करायची.

अर्धा_कप_चहा
दम्याचा मुद्दा मान्य. पण चॅप अभ्यासातल्या बायकांना आधीपासून बीपी होतं, दिवस जायच्या आधी किंवा पहिल्या वीस आठवड्यांत. निनादच्या बायकोला ते 31 व्या आठवड्यात नव्यानं आलंय. तो आजार वेगळा. त्या अभ्यासाचा निष्कर्ष इथे कसा लावता?

वऱ्हाडी_डॉक्टर
हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर आमच्यातही एकमत नाही. इंग्लंडच्या मार्गदर्शिकेत 140/90 ला नव्यानं आलेल्या बीपीलाही गोळी सुरू करतात. अमेरिकेत नव्या बीपीसाठी पुष्कळ जण अजून 160 ची वाट बघतात. मी स्वतः सुरू करतो, कारण आपल्याकडे पेशंट परत कधी येईल याचा भरवसा नसतो. पण गोळीनं आजार थांबत नाही, हे तुमचं अप्रत्यक्ष म्हणणं खरं आहे. आकडा खाली येतो, वारेतली गडबड तशीच राहते. म्हणूनच गोळी सुरू झाली की लोक निर्धास्त होतात, ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

जुनी_सिस्टर
शेवटच्या वाक्याला माझा हात वर. आम्ही ग्रामीण रुग्णालयात हेच बघत आलो. एक बाई आठवा महिना संपताना आली, तक्रार काय तर पित्त. बीपीची गोळी चालू, त्यामुळे घरचे बिनघोर. दोन दिवस पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीखाली दुखत होतं, उलट्या होत होत्या, घरी सोडा-जिरं चालू होतं. मोजलं तर 170/112. मी विचारलं, डोळ्यांपुढे काही चमकतं का? म्हणाली, सकाळपासून काजवे दिसतायत, अशक्तपणा असेल. गुडघ्यावर हातोडी टेकवली तर पाय उडाला. डॉक्टरांनी निफेडिपिन 10 गिळायला दिली. जिभेखाली फोडून टाकायची जुनी पद्धत आता बंद आहे, त्यानं बीपी धाडकन पडतं. मॅग्नेशियम सल्फेटची 5-5 ग्रॅमची दोन इंजेक्शनं दोन्ही कुल्ल्यांत दिली आणि 108 नं पुढे पाठवलं. तिकडे प्लेटलेट्स 68 हजार निघाल्या. ते दुखणं यकृताचं होतं, पित्ताचं नाही. सिझेरियन झालं, दोघं वाचले.

मॅग्नेशियम बीपी उतरवायला नसतं, झटका येऊ नये म्हणून असतं. नातेवाईक विचारतात, "दोन इंजेक्शनं देऊनही बीपी का उतरलं नाही?" म्हणून सांगून ठेवते.

निनाद भाऊ, पायाच्या सुजेचं एवढं मनावर घेऊ नका, ती बहुतेकींना येते. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसला, बोटातली अंगठी एकाएकी घट्ट झाली, पॅरासिटामॉलनं न थांबणारं डोकं दुखलं, नजर धूसर झाली, वरच्या पोटात दुखलं, लघवी कमी झाली, दम लागला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर फोन करत बसू नका, गाडी काढा. दम लागला तर दमाच असेल असं घरी ठरवू नका. आणि लघवीत प्रोटीन नाही यावर विसंबू नका. ते नसतानाही प्लेटलेट्स घसरतात, यकृत बिघडतं.

माहेरवाशीण
माझं थोडं वेगळं आहे. मला नऊ महिने बीपी नव्हतंच. बाळंत होऊन माहेरी आले, पाचव्या दिवशी डोकं असं दुखायला लागलं की उजेड सहन होईना. आई म्हणाली वारं लागलं, कानाला फडकं बांध. रात्री नवऱ्यानं ऐकलं नाही, घेऊन गेला, 168/110. बाळंतपणानंतरही हे होतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तिथे एनालाप्रिल दिली. वर डॉक्टर म्हणतात ती चालत नाही, मग मला कशी दिली?

वऱ्हाडी_डॉक्टर
ताई, तुम्हाला बरोबर दिली. पोटातल्या बाळाला ती नको, बाहेर आलेल्याला चालते. दुधात अगदी थोडी उतरते. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर मात्र विचार करून देतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यांत वर जातं, नेमकं घरी सोडल्यावर. तेव्हा निनाद, बाळ झालं की गोळी बंद, असं परस्पर करायचं नाही. आणि बाळंतपणाच्या खोलीत बीपीचा इतिहास आहे हे पुन्हा सांगा. रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन देतात, ते अशा बाईला देत नाहीत, ऑक्सिटोसिन देतात.

सातारकर_निनाद
फोन झाला. निफेडिपिन रिटार्ड 20 दिली, तीन दिवसांनी बोलावलंय, तेव्हा परत रक्त आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी. बीपी असंच राहिलं तर 37 पूर्ण झाल्यावर कळा आणायच्या म्हणाले. आई अजून मिठावर अडून बसली आहे. आणि घरी मशीन घेऊ का?

जुनी_सिस्टर
मीठ एकदम तोडून हे बीपी उतरत नाही, उलट बाई जेवत नाही. लोणचं-पापड कमी करा, आईंचाही मान राहील. सरकारी कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चुकवू नका, आणि लोहाच्या गोळीसोबत एकदम घेऊ नका.

मशीन घ्या, पण दंडाचं, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, अपुरा पट्टा आकडा फुगवतो. लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं टेकून बसायचं, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. पहिल्या भेटीला मशीन घेऊन जा, दवाखान्यातल्याशी ताडून बघा. प्रीएक्लॅम्पसियात काही मशीन कमी दाखवतात.

अर्धा_कप_चहा
मशीनला माझा विरोध कायम. आमच्या वहिनी दिवसातून दहादा मोजायच्या आणि प्रत्येक वेळी घाबरून आकडा अजून चढायचा.

वऱ्हाडी_डॉक्टर
मग दोनदाच मोजायचं, सकाळी आणि रात्री, वहीत लिहायचं. 150 च्या वर दोनदा आलं तर त्याच दिवशी फोन. 160 किंवा खालचा 110 आला तर पंधरा मिनिटांनी एकदा परत बघा, तेवढंच निघालं तर रात्र असो की पहाट, निघा. आणि आकडा 130 असून डोकं फुटतंय, तरीही निघा.