आतून उष्णतारोधित नळीचे कमाल तापमान

«पोलादी नळीतून वीजप्रवाह जातो, आतली बाजू उष्णतारोधित आहे आणि बाहेरून ३० अंशांचे पाणी वाहते. आतील त्रिज्या १० मिमी, बाहेरील १५ मिमी. नळी किती तापेल आणि थंडावा किती लागेल?»

आतल्या पृष्ठभागातून उष्णता जात नसल्याने तेथे तापमानाचा उतार शून्य असतो, म्हणून कमाल तापमानही तेथेच असते. आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागांतील फरक असा:

`T1 − T2 = q(r2² − r1²)/4k − (q·r1²/2k)·ln(r2/r1)`

उष्णतानिर्मिती q दर घनमीटरला ५ कोटी वॅट आणि पोलादाची उष्णतावाहकता k १५ धरल्यास पहिले पद १०४ अंश व दुसरे ६७.६ अंश येते, म्हणजे फरक सुमारे ३६.६ अंश. दुसरे पद गाळले की उत्तर जवळजवळ तिप्पट फुगते, आणि ही चूक फार आढळते. पडताळ्यासाठी भिंत सपाट आणि तिची जाडी L ५ मिमी समजून `qL²/2k` काढावे: ते ४१.७ येते. उष्णता बाहेर जाताना नळीचे क्षेत्रफळ वाढत जाते, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा कमीच हवा.

थंडाव्याचा हिशेब वाहकतेवर अवलंबून नाही. दर मीटर लांबीत १९.६ किलोवॅट, म्हणजे बाहेरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला २.०८ लाख वॅट बाहेर पडतात. तो पृष्ठभाग ८० अंशांवर ठेवायचा तर उष्णतासंक्रमण गुणांक सुमारे ४१७० हवा, आणि कमाल तापमान ११६.६ अंश राहील. प्रवाह मंदावून गुणांक २००० वर आला, तर हाच हिशेब पृष्ठभाग १३४ अंशांवर नेतो. पण वातावरणीय दाबाला त्याआधीच पृष्ठभागावर उकळी फुटू लागेल, आणि तेथून पुढे हे साधे सूत्र लागू पडत नाही.