मदत हवी आहे: कथेतले आप्पा गुपचूप बिडी सोडतात, पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांना नेमकं काय होईल?

बोरीकाठ
कथा अर्ध्यावर अडली आहे. आप्पा ६६ वर्षांचे, अमळनेर एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त. अठराव्या वर्षापासून बिडी, रोज एक बंडल. दम लागतो म्हणून गावातल्या डॉक्टरांकडून गोळ्या चालू आहेत. धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांनी नळीत जोरात फुंकायला लावलं आणि म्हणाले, "आप्पा, फुप्फुसाचा निम्मा दम गेलाय. उरलेला बिडीला द्यायचा का, ते तुम्ही ठरवा." आप्पा घरी कोणाला काही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बिडी बंद.

मी असं लिहिलंय की पाचव्या दिवशी त्यांना मळमळतं, छाती धडधडते, हात कापतात. मुलगा डॉक्टरांकडे नेतो आणि डॉक्टर म्हणतात, "बिडीची तलफ आहे, होईल कमी." हे बरोबर वाटतं का? दुसरं म्हणजे, काकूंना न सांगता कसं कळावं? "तोंडाला वास येईना" हे सगळेच लिहितात, ते नको.

रावेरकर
वडिलांना एकदम सोडायला लावू नका. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात तोडली की हृदयावर ताण येतो. रोज दोन-दोन कमी करा आणि तोंडात ओवा, बडीशेप ठेवायला द्या. आमच्या चुलत्यांनी बिडी सोडली आणि चुन्याची तंबाखू धरली, त्याकडेही लक्ष ठेवा.

बोरीकाठ
रावेरकर भाऊ, वडील नाहीत हो, कथेतलं पात्र आहे. पण तंबाखूचं उपयोगी पडेल.

गोळीचा_हिशोब
रावेरकरांचं अर्धं बरोबर आहे. काहींना हळूहळू कमी करणं जमतं. पण एकदम सोडल्याने हृदयाला धोका होत नाही. शिवाय बिड्या मोजून कमी केल्या की माणूस उरलेल्या बिड्या जास्त खोल ओढतो. टेंभुर्णीचं पान नीट जळत नाही, बिडी विझू नये म्हणून झुरके तसेही भराभर घ्यावे लागतात. त्यामुळे बिड्या निम्म्या झाल्या म्हणजे धूर निम्मा झाला, असं होत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमचे डॉक्टर चुकताहेत, आणि कथा तिथेच उघडते. तलफेची लक्षणं पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जोरात असतात. माणूस चिडतो, झोप तुटते, चित्त लागत नाही, पोट साफ होत नाही (पहाटेची पहिली बिडी ओढल्याशिवाय परसाकडे न जाणारे आप्पा असतील तर हे हमखास लिहा). पण भूक वाढते आणि नाडी मंदावते. तुम्ही लिहिलेलं उलटं आहे. मळमळ, धडधड, कापरे हात हे पाचव्या-सहाव्या दिवशी दिसतात तेव्हा मी पहिल्यांदा विचारीन, दम्याची गोळी कोणती चालू आहे?

गावाकडे दम लागणाऱ्या म्हाताऱ्यांना थिओफिलिन असलेली गोळी सर्रास दिली जाते. बिडीच्या धुरातल्या डांबरासारख्या द्रव्यांमुळे यकृत ही गोळी भराभर निकामी करतं. म्हणून ओढणाऱ्याला मात्रा जास्त लागते आणि ती पचतेही. धूर बंद झाला की यकृताचा तो वेग आठवडाभरात उतरतो. गोळी तीच, सकाळ-संध्याकाळ तशीच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. मग मळमळ, उलटी, धडधड, कापरे हात, झोप गायब. फार चढलं तर झटकेही येतात. त्यात आप्पा तलफ मारायला चहा वाढवणार. चहातलं कॅफीनही त्याच वाटेने निकामी होतं, म्हणजे तेही अंगात साचतं.

पारोळेकर
मग निकोटीनचा च्युइंगगम दिला तर यकृताचा वेग टिकेल ना? दोन मिलिग्रॅमचा मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतो.

गोळीचा_हिशोब
नाही. तो वेग धुराने वाढतो, निकोटीनने नाही. गमने तलफ आवरते, गोळीचा हिशोब बदलत नाही.

आणि गम दिलात तर आप्पांना तो चुकीचा चघळू द्या, कारण सगळे तसाच चघळतात. भराभर चावला की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, घसा जळतो, आणि माणूस म्हणतो हे काही कामाचं नाही. खरं तर चार-सहा वेळा हळू चावायचा, तोंडात झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. चहानंतर लगेच घेतला तर तोंडातल्या आंबटपणामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. खानदेशात दोन चहांमध्ये तेवढी जागा सापडायला हवी, एवढंच.

सावदा_शिवार
काकूंसाठी नख घ्या. बिडी दोन बोटांत धरणाऱ्याच्या तर्जनी आणि मधल्या बोटाचं नख पिवळं-तपकिरी झालेलं असतं. एकदम सोडली की मुळाशी उगवणारं नख स्वच्छ येतं आणि पुढचं डागाळलेलं तसंच राहतं. मध्ये रेघ दिसते, जणू कोणी तारीख टाकून ठेवली. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हातारपणी थोडं कमी. म्हणजे पहिल्या महिन्यात कोणाच्या लक्षात येणार नाही. दोन महिन्यांनी आप्पा कळण्याची भाकरी मोडताना काकूंना ती रेघ सहज दिसेल.

मात्र हळूहळू कमी केली तर अशी ठसठशीत रेघ उमटत नाही. तुमचे आप्पा एका दिवसात थांबलेत, म्हणून चालतं.

बोरीकाठ
रेघ घेतली. मग काकू लगेच काही बोलणार नाहीत, एवढंच म्हणतील, "काय व्हयनं तुमले?" पण खोकल्याचं काय? मी लिहिलंय की आठवड्यात खोकला थांबला.

गोळीचा_हिशोब
काढून टाका. श्वासनळीतले बारीक केस धुराने सुस्तावलेले असतात, ते पुन्हा काम करू लागले की साचलेला कफ वर ढकलतात. पहिले काही आठवडे खोकला वाढूही शकतो. इथेच पुष्कळ जण म्हणतात, बिडी होती तेव्हा बरं होतं. आणि निम्मा गेलेला दम परत येत नाही, पुढची घसरण तेवढी मंदावते. शेवटी आप्पांना टेकडी चढवू नका.

पारोळेकर
एक शंका राहते. ज्या डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितलं, ते गोळीची मात्रा कमी करायला विसरतील? मला पटत नाही.

गोळीचा_हिशोब
विसरायची गरजच नाही. बिडी सोडा म्हणणारे डॉक्टर धुळ्यात, गोळी लिहिणारे अमळनेरात, आणि आप्पांनी दोघांनाही सांगितलेलं नाही की बिडी खरंच बंद केली. गुपचूप सोडण्याची ही किंमत कथेत आपोआप येते.

पारोळेकर
तरी धुळ्याच्या डॉक्टरांनी चालू गोळ्या विचारल्या असतीलच.

बोरीकाठ
तो मुद्दा खरा आहे. आप्पांनी खिशातली फक्त अर्धी पट्टी दाखवली, नाव फाटलेल्या बाजूला होतं, असं केलं तर चालेल? आणि नाडी मोजून फरक ओळखायचा तर तो गावातल्या डॉक्टरांनी ओळखावा की मेडिकलवाल्याने?

गोळीचा_हिशोब
मेडिकलवाला चालेल, तोच पट्ट्या देतो. पण गोळी कमी करायची की बंद, ते त्याने ठरवू नये. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावं.