‘काम’ केलं का? प्रश्नातलं काम आणि उत्तरातलं काम

निशिगंधा: सातारा जिल्ह्यातल्या गावांमध्ये बायकांच्या रोजगारावर सर्वेक्षण करायचं आहे. प्रश्नावलीत एक वाक्य आहे: ‘गेल्या सात दिवसांत तुम्ही काही काम केलं का?’ आमच्या मॅडम म्हणतात, फील्डवर्क सुरू व्हायच्या आधी चार-सहा बायकांना हा प्रश्न विचारा आणि उत्तर देताना त्यांच्या डोक्यात जे येतं ते बोलायला लावा. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ‘काम’ला दुसरा चांगला शब्द आहे का? आणि हे ‘बोलायला लावणं’ नेमकं कसं करतात?

रानवारा: ‘रोजगार’ म्हणा. ‘श्रम’ही चालेल. ‘अर्थार्जन’ तर एकदम अचूक.

मुळाक्षर: अर्थार्जन! खुरपं हातात घेतलेल्या बाईला विचारून बघा.

सुमेधा: निशिगंधा, शब्द बदलायच्या आधी तो कुठे फसतो ते बघ. आम्ही याच प्रश्नाची चाचणी घेतली होती. एका बाईंनी पटकन सांगितलं, ‘न्हाई, घरीच हुते.’ लिहिणाऱ्याने ‘नाही’वर खूण केली असती आणि पुढचं पान उलटलं असतं. आम्ही विचारलं, ‘काम म्हटल्यावर तुमच्या मनात काय काय आलं?’ त्या म्हणाल्या, ‘कामाला जाणं. रोजानं.’ मग म्हटलं, काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा. दोन म्हशींच्या धारा, डेअरीला दूध घालणं, आणि त्याच आठवड्यात दोन दिवस जावेच्या रानात सावडीनं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकींच्या रानात राबायच्या बोलीवर, खुरपणी. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात सात दिवसांत एक दिवस, तोही एक तास काम केलं तरी त्या आठवड्यापुरता माणूस रोजगारात धरतात. म्हणजे या बाई नक्की कामात मोडतात, आणि आपल्या कागदावर बिनकामाच्या ठरल्या असत्या. त्यांच्या लेखी ‘काम’ म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर पैशासाठी जाणं. सावडीत पैसा फिरत नाही, म्हणून ती त्यांनी मोजलीच नाही.

आकडेमोड: यासाठी वेगळी चाचणी कशाला? पायलट करताच ना? पन्नास फॉर्म भरून घ्या. ज्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ जास्त किंवा कोरी जागा जास्त, तो प्रश्न वाईट. साधं गणित आहे.

सुमेधा: अर्धं बरोबर. फॉर्मला किती वेळ लागतो, ‘नाही असल्यास प्रश्न १४ वर जा’ ही उडी बरोबर पडते का, हे पायलटमध्येच कळतं. पण या बाईंनी ‘माहीत नाही’ म्हटलंच नाही. ठाम ‘नाही’ म्हटलं. पन्नास फॉर्ममध्ये असे तीस ठाम ‘नाही’ आले, तर तुम्हाला वाटेल की या गावात बायका काम करत नाहीत. गैरसमजातून आलेलं उत्तर कागदावर स्वच्छ दिसतं, त्रास तिथेच आहे.

निवृत्त गुरुजी: २०११च्या जनगणनेला मी प्रगणक होतो. उंबऱ्यात पुरुष उभा असायचा, तोच सांगायचा, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’ मागे ती भुईमुगाच्या शेंगा तोडत बसलेली दिसायची. आम्हाला सूचना होती की मोबदला मिळो न मिळो, उत्पादक काम असेल तर ते धरायचं, आणि खोदून विचारायचं. पण दिवसाला किती घरं करायची ते बघा. त्यामुळे शब्द बदलून काही होणार नाही, उत्तर कोण देतं ते बघा.

निशिगंधा: गुरुजी, आम्ही बाईलाच विचारणार आहोत. पण सासूबाई शेजारी बसतात, हे खरं आहे.

सुमेधा: म्हणून चाचणी घरात न घेता अंगणवाडीत किंवा रानाच्या कडेला घे. आता पद्धत. आधी सराव लागतो, नाहीतर समोरची बाई गप्प बसते. नेहमीचा सराव असा: ‘तुमच्या घराला खिडक्या किती? मोजताना मनात जे येतंय ते बोलत बोलत सांगा.’ ती म्हणते, ‘सोप्याला एक, आतल्या खोलीला… ती बुजवली, ती धरू का?’ हे ‘धरू का?’ आलं की समजायचं, तिला जमलं. मग खरा प्रश्न वाचायचा, जसाच्या तसा. आणि ‘समजलं का?’ कधीही विचारायचं नाही. सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा’, ‘सात दिवस कुठल्या वारापासून धरले?’ असं विचारायचं.

वाराचा प्रश्न फार उपयोगी. आमच्याकडे काहींनी मागच्या बाजारापासून मोजलं, काहींनी सोमवारपासून. मग वाक्यच बदललं: बुधवारी विचारत असू तर ‘मागच्या बुधवारपासून कालपर्यंत’.

वऱ्हाडकर: ‘खुरपणी’ आमच्याकडे घेऊन येऊ नका, इथे निंदण म्हणतात. आणि सावड हा शब्दही अर्ध्या लोकांना लागणार नाही. एकच मराठी प्रश्नावली अख्ख्या राज्यात फिरवतात, तेव्हा चाचणी पुण्याजवळच्या दोन गावांत का उरकतात?

सुमेधा: तक्रार रास्त आहे. एका फेरीत पाच ते दहा माणसं पुरतात, पण ती एकाच छापाची नकोत. जमीनवाली, भूमिहीन, शाळा न पाहिलेली, नुकती लग्न होऊन आलेली. भाग बदलला की फेरी पुन्हा. फेरीनंतर वाक्य दुरुस्त करायचं आणि नव्या माणसांवर परत तपासायचं, कारण दुरुस्तीच नवा घोळ घालते. आम्ही पहिल्या फेरीनंतर लिहिलं, ‘तुम्ही शेती किंवा धंदा करता का?’ दुसऱ्या फेरीत एक बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, दुसरीने मान फिरवली. बाईला ‘धंदा करता का’ विचारायचं नसतं, हे टेबलावर कुणाच्याच लक्षात आलं नाही. ‘व्यवसाय’ केलं, तर उत्तर आलं, ‘व्यवसाय न्हाई, शेती हाय.’ शेवटी आधी एक वेगळा प्रश्न घातला: ‘तुमच्या घरी शेती, दुभती जनावरं किंवा दुकान यांपैकी काही आहे का?’ आणि मग, ‘त्यात तुम्ही हातभार लावला का?’

मुळाक्षर: अमेरिकेतही याच वळणाने गेलेत. त्यांच्या मासिक रोजगार सर्वेक्षणात आधी विचारायचे, गेल्या आठवड्यात बहुतेक वेळ काय करत होता, नोकरी, घरकाम की आणखी काही? दार उघडणारी गृहिणी दिसली की विचारणारा ‘घरकाम’पासून सुरुवात करायचा. प्रयोगशाळेत अशाच मुलाखती घेऊन जानेवारी १९९४ पासून प्रश्न बदलले. आता आधी घरात कुणाचा व्यवसाय किंवा शेती आहे का ते विचारतात, मग पैशासाठी काही काम केलं का ते.

आकडेमोड: मान्य. पण मग एकाच प्रश्नात सगळी यादी का देत नाही? धार काढणं, शेंगा तोडणं, शिवण, सावड…

सुमेधा: दिली होती. वाक्य लांबलं की शेवटचे दोनच शब्द लक्षात राहतात, आणि यादीत नसलेलं काम ‘विचारलंच नाही’ म्हणून सुटतं. तरी काही जण यादीच बरी म्हणतात. माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

वऱ्हाडकर: आणखी एक शंका. इतकं खोदून विचारल्यावर बाई तुमच्यासाठी अर्थ तयार करून देत नाही का?

सुमेधा: देते. म्हणून आधी तिचं उत्तर पूर्ण येऊ द्यायचं, ते शब्दशः लिहायचं, मगच खोदायचं. आणि ‘सावड धरली का?’ असा शब्द तिच्या तोंडात घालायचा नाही. वयस्क बायका मोठ्याने विचार करायला बुजतात, त्यांच्याकडून उत्तरानंतरच्या प्रश्नांतूनच जास्त मिळतं. तरीही थोडं बनवलेलं येतंच.

निशिगंधा: ‘हातभार’वर अडकले. आमच्याकडच्या एक मावशी म्हणाल्या, ‘हातभार कसला, सगळं मीच करते.’ त्यांनी उत्तर ‘नाही’ दिलं.

मुळाक्षर: ‘त्यातलं काही तुम्ही केलं का?’ चालेल?

निशिगंधा: शनिवारी कोरेगाव भागात जातेय, दोन्ही वाक्यं नेते.